निळ्या पंपानंतरची थरथर

पुण्यात थंडी पडू लागली आहे आणि दम्याचा जुना त्रास असलेली, हडपसरला घरी शिवणकाम करणारी एक बाई डॉक्टरांकडे आली आहे, असे उदाहरण घेऊ. तिची तक्रार दम्याची नाही. सुईत दोरा ओवताना बोटे थरथरतात, छातीत धडधडते आणि जिना चढताना मांड्यांत बळ राहत नाही, असे ती सांगते. तिच्या पिशवीत सालब्युटामॉलचा निळा पंप आहे. दम्यावरचे दुसरे कोणतेही औषध त्या पिशवीत नाही.

या तक्रारींचे मूळ औषधाच्या जन्मकथेतच आहे. सालब्युटामॉलच्या आधी दमेकरी आयसोप्रेनलिनचा फवारा वापरत असत. तो श्वासनलिका उघडत असे, पण हृदयालाही तितक्याच जोराने पळवत असे. 1960 च्या दशकात ब्रिटनमध्ये त्याचा तीव्र मात्रेचा पंप प्रचारात असताना दम्याने होणारे मृत्यू वाढले. औषधाने हृदयावर ताण आणला, की फवाऱ्याच्या भरवशावर रुग्ण उशिरा रुग्णालयात पोहोचले, यावर पुढे बराच वाद झाला. माझ्या मते त्या वादातला दुसरा प्रश्नच आजच्या रुग्णांसाठी अधिक मोलाचा आहे. अशी औषधे पेशींवर ज्या जागी चिकटून काम करतात, त्या बीटा ग्राहींचे दोन प्रकार असल्याचे 1967 मध्ये मांडले गेले. हृदयात मुख्यतः पहिला असतो आणि श्वासनलिकांत दुसरा. डेव्हिड जॅक यांच्या चमूने दुसऱ्या प्रकारावर अधिक नेमकेपणाने काम करणारे सालब्युटामॉल तयार केले आणि 1969 मध्ये ते ब्रिटनच्या बाजारात आले.

मात्र हा नेमकेपणा पूर्ण नव्हता. दुसऱ्या प्रकारचे ग्राही केवळ श्वासनलिकांत नसतात. हातापायांच्या स्नायूंत, रक्तवाहिन्यांत आणि काही प्रमाणात हृदयातही असतात. स्नायूंतील ग्राही चेतवले गेले की बोटे थरथरतात. रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्याची भरपाई म्हणून हृदय वेगाने धडधडते. त्याच वेळी स्नायूपेशींच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियमची अदलाबदल करणारी यंत्रणा जोरात चालू होते आणि रक्तातील पोटॅशियम पेशींच्या आत ओढले जाते. म्हणजे पोटॅशियम शरीरातून निघून जात नाही, त्याची केवळ जागा बदलते. म्हणूनच रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढलेल्या रुग्णाला हेच औषध नेब्युलायझरने उपचार म्हणून देतात.

आता त्या बाईचा हिशेब मांडू. पंपात 200 फवारे असतात आणि प्रत्येकात 100 मायक्रोग्रॅम औषध असते. तिचा पंप वीस दिवसांत संपतो, म्हणजे दिवसाला दहा फवारे, म्हणजे 1 मिलिग्रॅम. एवढ्याने हात थरथरतील, पण पोटॅशियम सहसा फारसे खाली जात नाही. तिचे पोटॅशियम खाली गेले ते आदल्या रात्रीमुळे. दम वाढल्यावर तिने जवळच्या दवाखान्यात 2.5 मिलिग्रॅमच्या तीन मात्रा नेब्युलायझरने घेतल्या, जोडीला स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि थिओफिलिनही मिळाले. ही दोन्ही औषधेही पोटॅशियम खाली ओढतात. सकाळच्या तपासणीत ते 3.0 निघाले; सामान्य पातळी साधारण 3.5 ते 5 असते. पोटॅशियम असे उतरले की स्नायूंतले बळ कमी होते, मांड्यांची तक्रार त्यातूनच आली. अशा वेळी ईसीजी काढणे आवश्यक असते, कारण पोटॅशियम आणखी उतरले तर हृदयाची लय बिघडू शकते. मोठ्या मात्रेनंतर रक्तात लॅक्टिक आम्लही साचू शकते. मग छातीतली शिट्टी थांबलेली असतानाही श्वास जलद चालतो, आणि दमा वाढला असे समजून पुन्हा तेच औषध दिले जाण्याची चूक घडते.

परंतु तिच्याबाबत खरी बातमी 3.0 या आकड्यात नसून वीस दिवस या आकड्यात आहे. सालब्युटामॉल श्वासनलिकांचे आकुंचन काही तास सोडवते. आतली सूज ते कमी करत नाही. सूज वाढत जाते तसे फवारे वाढतात, आणि रोजच्या वापराने ग्राहींचा प्रतिसादही मंदावतो. आठवड्यात दोनपेक्षा अधिक वेळा पंप लागणे हे दमा ताब्यात नसल्याच्या खुणांपैकी एक मानले जाते. तिला तो दिवसातून अनेकदा लागत होता. वर्षाला तीन किंवा अधिक पंप संपवणाऱ्यांत दम्याचे झटके अधिक आढळतात. तिच्या गतीने वर्षाला अठरा पंप लागले असते. याच कारणाने 2019 मध्ये जागतिक दमा मार्गदर्शक संस्था, अर्थात जीना, हिने प्रौढांत व किशोरवयीनांत एकट्या सालब्युटामॉलवर दमा सांभाळण्याची शिफारस मागे घेतली आणि श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड प्रत्येकाच्या उपचारात आणले.

यावरून निळा पंप फेकून द्यावा, असा अर्थ काढू नये. धाप लागलेली असताना थरथरीच्या भीतीने तो न घेणे अधिक घातक असते. त्या बाईचे पोटॅशियम दुरुस्त करून तिला श्वासनलिका अधिक काळ उघडी ठेवणारे फॉर्मोटेरॉल व स्टेरॉइड एकत्र असलेला पंप रोज घ्यायला दिला. तोंडात फवारा मारताना औषध घशातच राहत होते, म्हणून पंपाला स्पेसर ही पोकळ नळी लावून तिला समोरच फवारा घ्यायला लावून पाहिले आणि नंतर चूळ भरायला सांगितली. निळा पंप जवळच ठेवायचा होता, मात्र नवा निळा पंप उघडला की त्यावर तारीख लिहायची होती. पुढच्या निळ्या पंपावर तिने तारीख घातली, तेव्हा मधे पाच महिने गेले होते.