‘जेवण कमी पडलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

लग्नाच्या केटररबद्दल लिहिलेले दहा अभिप्राय वाचा, त्यातल्या चार ठिकाणी एकच वाक्य सापडेल: ‘चव छान होती, पण जेवण कमी पडलं.’ दोन तारे देऊन मंडळी मोकळी! त्यावरून पुढच्या वधूपित्याला काहीही कळत नाही. अन्न संपलं होतं, की मागे पातेलंभर असूनही टेबलावर आलं नव्हतं? या दोन गोष्टींचं कारण वेगळं, उपाय वेगळा, आणि पुष्कळदा दोषीही वेगळा.

भाचीच्या लग्नात तीनशे ताटं सांगितली होती. दहा टक्के ज्यादा अन्न करायचं, असं आधीच ठरलेलं. बुफे होता. पावणेदोनला जिलबीचा ट्रे रिकामा झाला, पाठोपाठ मसालेभाताचाही. रांगेत पन्नासेक माणसं रिकामी ताटं हातात घेऊन उभी. ‘संपलं वाटतं’ ही कुजबुज मुलाकडच्यांपर्यंत जायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मी तडक खाली भटारखान्यात गेलो. मसालेभाताचं एक पातेलं झाकणासकट तसंच होतं, जिलब्यांच्या दोन पराती भरलेल्या. आचारी वैतागून म्हणाला, “काका, न्यायला माणूस कुठंय?” जेवणाचा हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्टमध्ये पाहुणे, आणि वर-खाली करायला एकच पोरगा. वीस मिनिटांनी जिलबी आली. याला मी ‘कमी पडलं’ म्हणणार नाही. अन्न होतं, वाढपी कमी होते.

खरोखर कमी पडलं तर खुणा निराळ्या असतात. दुसऱ्या एका लग्नात अडीचशे ताटं सांगितली होती आणि जेवली दोनशे शेहेचाळीस. म्हणजे अंदाज यजमानांचा चुकलेला नव्हता. तिथे आधी चिमट्याने स्वतः घेता येणारी पुरी अचानक वाढप्याच्या हातात गेली आणि एकेक मिळू लागली. मग मसालेभातात पांढरी शितं दिसायला लागली, म्हणजे साधा भात मिसळून वाढवलेला. मठ्ठ्याचं पाणी झालं. शेवटच्या साठ माणसांना गोड म्हणून जिलबीऐवजी बाहेरून आणलेले पेढे मिळाले. ट्रे परत येतो का, आणि त्यात तोच पदार्थ येतो का, एवढंच बघायचं. उशिरा का होईना, तोच पदार्थ आला तर वाढण्यातली ढिलाई. बदली पदार्थ आला, पातळ झाला किंवा मोजून मिळू लागला, तर प्रमाण चुकलं.

आणि ताटांचा हिशोब स्वतः ठेवा. जेवण सुरू होण्याआधी कार्यालयाच्या मॅनेजरसोबत ताटं मोजायची आणि शेवटी न वापरलेली वजा करायची. आमच्याकडे साडेतीनशे मांडली, बत्तीस कोरी उरली, म्हणजे तीनशे अठरा. बुफेत काही जण दुसऱ्यांदा घेताना नवं ताट उचलतात, तेही यात धरलं जातं. म्हणून दोन-पाच ताटांवरून कुणी हुज्जत घालू नये. पण तीनशे सांगून चारशे जेवायला आणले असतील, तर अभिप्राय लिहिण्याआधी स्वतःची निमंत्रणांची यादी काढून बघावी. मला सगळ्यात चीड येते ती याच अभिप्रायांची.

वेळेचं थोडक्यात: वरात तासभर नाचत राहिली आणि मुहूर्त टळला, तर तो उशीर केटररचा नव्हे. अक्षता पडल्यावर पहिलं ताट किती मिनिटांनी लागलं, ते लिहा. ऐनवेळच्या बदलांचंही तेच. आदल्या संध्याकाळी पंचवीस ताटं वाढवली आणि त्याने हो म्हणून पैसे घेतले, तर ती जबाबदारी त्याची. सकाळी अकराला ‘दहा जण कांदा-लसूण खात नाहीत’ सांगितल्यावर त्याने वेगळ्या कढईत भाजी करून दिली, तर आवर्जून कौतुक करा. नाही जमलं तर तारे कापू नका. कार्यालय आणि केटरर वेगळे असतील, तर पाणी, पंखे, लिफ्ट यांचा राग आचाऱ्यावर काढू नका, हे तरी सांगावं लागू नये.

भाचीच्या लग्नाचा अभिप्राय मी असा लिहिला: ‘300 ताटं सांगितली, 318 लागली. अन्न पुरलं, भातही उरला. पावणेदोन ते दोन-पाच जिलबी आणि मसालेभात टेबलावर नव्हते, कारण भटारखाना खाली आणि वर नेणारा एकच माणूस. या कार्यालयात हाच केटरर ठरवत असाल, तर वर-खाली करायला किमान चार माणसं लेखी मागून घ्या.’