दीड हजारऐवजी दोनशेवर अडकणारी मोटर : क्रॉलिंगची पार्श्वभूमी

५० हर्ट्झवर चालणारी चार पोलांची मोटर चालू केली की काही सेकंदांत ती १४४० आरपीएमच्या आसपास पोचायला हवी. पण एखादी मोटर सुटते, दोनशेच्या जरा वर येते आणि तिथेच घुटमळते. आवाज जड येतो, अँमीटरचा काटा सुरुवातीच्या मोठ्या करंटवरून खाली उतरत नाही. शाफ्टवर टॅकोमीटर धरला तर आकडा २१४ च्या थोडा खाली मिळतो. या मोटरचं चुंबकीय क्षेत्र १५०० आरपीएमने फिरतं, हाच तिचा सिंक्रोनस वेग, आणि १५०० चा सातवा भाग २१४ च येतो. या रखडण्यालाच क्रॉलिंग म्हणतात.

त्याचं मूळ पिंजरा रोटरच्या साधेपणात आहे. १८८९ मध्ये बर्लिनच्या एईजी कंपनीत मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी तीन फेजची पिंजरा मोटर उभी केली. लोखंडी गाभ्यात बसवलेले उघडे बार आणि दोन्ही टोकांना ते जोडणाऱ्या रिंगा, एवढाच तो रोटर. ना वाइंडिंग, ना ब्रश. गुंडाळलेला रोटर ठरावीक पोलांसाठीच बांधलेला असतो. पिंजऱ्याचं तसं नाही. समोर चार पोलांचं क्षेत्र आलं की तो चार पोलांचा होतो, अठ्ठावीस पोलांचं आलं की अठ्ठावीस पोलांचा. माझ्या मते क्रॉलिंगची सगळी गोष्ट या एका गुणातून सुरू होते.

आता हे अठ्ठावीस पोल येतात कुठून? स्टेटरची वाइंडिंग स्लॉटमध्ये बसते, त्यामुळे हवेच्या फटीतलं चुंबकीय क्षेत्र गुळगुळीत लाटेसारखं नसतं, ते पायऱ्यापायऱ्यांनी चढतं-उतरतं. या पायऱ्यांमध्ये मूळ लाटेबरोबर पाचवी, सातवी अशा बारीक लाटा असतात. तीन फेजमुळे तिसरी आणि नववी रद्द होतात. पाचवी उलटी फिरते, त्यामुळे ती मोटरला अडवते, पण तिच्या वेगावर मोटर अडकत नाही. सातवी मात्र मोटरच्याच दिशेने, सातव्या भागाच्या वेगाने फिरते. म्हणजे चार पोलांच्या मोटरच्या पोटात अठ्ठावीस पोलांची एक छोटी मोटर लपलेली असते, आणि तिचा सिंक्रोनस वेग २१४.

त्या वेगाच्या खाली ही छोटी मोटर रोटरला पुढे ढकलते. २१४ ओलांडताच तीच जनरेटर बनते आणि मागे ओढू लागते. टॉर्कच्या वक्रात तिथे एक खड्डा पडतो. खड्ड्यातला एकूण टॉर्क लोडला लागतो त्याहून कमी असला की मोटर त्याच्या अलीकडेच थांबते. स्टार-डेल्टा स्टार्टरवर हे लवकर दिसतं, कारण स्टारमध्ये टॉर्क एक तृतीयांशच मिळतो. तिथे मोटरला फार वेळ ठेवणं धोक्याचं असतं. रोटर क्षेत्राच्या ८६ टक्के मागे, म्हणजे स्लिप ८६ टक्के असल्यामुळे मूळ क्षेत्राकडून रोटरला मिळणाऱ्या प्रत्येक १०० वॉटपैकी सुमारे ८६ बारमध्येच उष्णता होतात, आणि शाफ्टवरचा पंखा त्या वेगाला वारा जवळजवळ देतच नाही.

यात स्लॉटचा हात नेमका किती, हे १२ स्लॉटच्या स्टेटरवर स्वच्छ दिसतं. चार पोल आणि तीन फेज म्हणजे दर पोलाला दर फेजचा एकच स्लॉट. पोलांच्या दर जोडीला सहा स्लॉट येतात, म्हणून स्लॉटच्या लाटा सहाच्या एक खाली आणि एक वर पडतात, म्हणजे पाच आणि सात. अशा लाटा वाइंडिंगच्या वाटणीने कमी होत नाहीत, कारण वाइंडिंगच्या दृष्टीने त्या मूळ लाटेसारख्याच असतात. ३६ स्लॉट घेतले की त्या १७ आणि १९ वर सरकतात. सातवी लाट तरीही पूर्ण जात नाही, पण वाटणीमुळे तिचा वाइंडिंग फॅक्टर, म्हणजे वाइंडिंगमधून तिचा उरणारा हिस्सा, ०.१८ च्या घरात येतो.

स्लॉटची निवड बराच काळ अनुभवावर चालली. हंगेरीत जन्मलेल्या गॅब्रिएल क्रॉन यांनी १९३१ मध्ये अमेरिकेच्या एआयईई या संस्थेच्या नियतकालिकात स्टेटर आणि रोटरच्या स्लॉटसंख्यांवर लेख लिहिला. कोणत्या जोडीला मोटर रखडेल, कोणत्या जोडीला थरथरेल किंवा आवाज करेल, हे मोटर बांधण्याआधीच सांगणारे नियम त्यात होते. बार तिरके बसवण्याचा उपाय आजही ढाळीव ॲल्युमिनियमच्या रोटरमध्ये दिसतो. एक स्लॉट तिरकेपणा दिला की बारच्या लांबीत स्लॉटच्या लाटांचे परिणाम एकमेकांना खोडतात. पण बारवर इन्सुलेशन नसल्यामुळे थोडा करंट गाभ्याच्या पत्र्यांमधून आडवा वाहतो आणि फायदा गणितात दिसतो तेवढा मिळत नाही.

रिवाइंडिंगच्या टेबलावर मात्र हे सगळं एका कॉइलमध्ये बिघडू शकतं. ३६ स्लॉटच्या चार पोल मोटरची कॉइल मुळात १ ते ९ असेल, तर सातव्या लाटेचा पिच फॅक्टर, म्हणजे कॉइलच्या रुंदीमुळे तिचा उरणारा हिस्सा, ०.३४ असतो. सोयीसाठी ती १ ते १० केली की तो १ होतो. फेरे आणि करंट तेच ठेवले तर सातवं क्षेत्र जवळजवळ तिप्पट होतं, आणि टॉर्क क्षेत्राच्या वर्गाने वाढत असल्यामुळे २१४ पुढची ओढ आठपटीच्या आसपास जाते. कारखान्यातून आली तेव्हा नीट सुटणारी मोटर रिवाइंड होऊन आल्यावर दोनशेवर घुटमळू लागली, तर बेअरिंग उघडण्याआधी कॉइल कोणत्या स्लॉटमधून कोणत्या स्लॉटमध्ये गेली आहे ते मोजून पाहावं.