सळईच्या टेन्साइल रिपोर्टमधला ‘यील्ड’: एका आकड्याची पार्श्वभूमी

बांधकामाच्या सळईचा टेन्साइल रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर तीन रकान्यांवर जाते: यील्ड स्ट्रेस, अल्टिमेट स्ट्रेंथ आणि इलाँगेशन. त्यांतले शेवटचे दोन तसे सरळ आहेत. सर्वांत मोठा लोड भागिले क्षेत्रफळ म्हणजे अल्टिमेट, आणि तुटलेले तुकडे जुळवून मोजलेली वाढ म्हणजे इलाँगेशन. यील्ड म्हणजे सळई कायमची ताणली जाऊ लागते तो स्ट्रेस. त्याच्या रकान्यात मात्र तीन वेगवेगळ्या मोजमापांपैकी कुठलेही एक बसलेले असू शकते. कुठले बसले आहे, हे अनेक रिपोर्टांत लिहिलेलेच नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडन आणि म्युनिक इथल्या प्रयोगशाळांमध्ये लोखंड-पोलादाच्या पट्ट्या नियमितपणे ताणून पाहिल्या जाऊ लागल्या. तेव्हा शोध होता तो इलॅस्टिक लिमिटचा. लोड काढल्यावर नमुना कुठपर्यंत मूळ लांबीवर परत येतो, ती मर्यादा. पण नमुन्याची सूक्ष्म वाढ मोजणारे, आरशांचे नाजूक एक्स्टेन्सोमीटर आले आणि अडचण उघडी पडली. उपकरण जितके बारीक, तितकी कायमची वाढ लवकर दिसते आणि तितकी ही मर्यादा खाली येते. म्हणजे आकडा धातूइतकाच उपकरणावरही अवलंबून होता. त्यावर काढलेला तोडगा म्हणजे प्रूफ स्ट्रेस: कायमचा स्ट्रेन एका ठरलेल्या मूल्याला पोहोचेल तो स्ट्रेस नोंदवायचा. विमानांच्या ॲल्युमिनियमसाठी ब्रिटनमध्ये ०.१ टक्का वापरला जाई. पुढे ०.२ टक्का सर्वत्र रूढ झाला. धातूमध्ये ०.२ टक्क्याला खास असे काही घडत नाही. तो निव्वळ करार आहे, आणि करार म्हणून उत्तम आहे.

साध्या माइल्ड स्टीलला या कराराची गरज नव्हती. लोड चढत जातो, एका क्षणी थांबतो, थोडा खाली येतो, तिथेच थोडा रेंगाळतो आणि मग पुन्हा चढतो. जुन्या तरफेच्या यंत्रांवर या क्षणी तरफ खाली पडे. पुढे इचलकरंजी-मिरज भागात बनलेली, नमुना ताणून लोड दाखवणारी डायलची यूटीएम यंत्रे राज्यभरातल्या कॉलेजांत आणि टेस्टिंग लॅबमध्ये बसली. त्यांच्यावर ऑपरेटर हलता काटा कुठे थांबतो ते पाहायचा. सर्वाधिक लोड दाखवणारा दुसरा काटा पुढेच राहायचा, हलता काटा किंचित मागे सरायचा. यील्डची नोंद त्या क्षणाच्या नजरेवर व्हायची.

साठच्या दशकापासून आपल्याकडे पीळ दिलेल्या सळया आल्या. थंड अवस्थेत पीळ दिल्याने स्टीलची ताकद वाढली, पण काटा थांबण्याची जागा नाहीशी झाली. लोड आणि वाढ यांचा कर्व्ह गोलाईने वळू लागला. इथे IS 1786 या सळयांच्या भारतीय मानकातला ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस आवश्यक ठरला. गेज लेंथ म्हणजे सळईवरची जी मूळ लांबी धरून वाढ मोजतात ती. १६ मिमीच्या सळईला ती ८० मिमी धरली, तर ०.२ टक्का म्हणजे अवघे ०.१६ मिमी. जबड्यांची घसरण यापेक्षा सहज जास्त असते. म्हणून क्रॉसहेडच्या, म्हणजे यंत्राच्या जबडा ओढणाऱ्या आडव्या भागाच्या, सरकण्यावरून काढलेला प्रूफ स्ट्रेस भरवशाचा नसतो. सळईवर एक्स्टेन्सोमीटर लावावाच लागतो. कर्व्हचा सुरुवातीचा सरळ भाग वाकडा दिसत असेल किंवा त्याचा चढ दोन लाख मेगापास्कलच्या जवळपासही नसेल, तर त्याला समांतर ओढलेली ०.२ टक्क्याची रेघही चुकीच्या जागी कर्व्हला छेदते.

मग टीएमटी आली. रोलिंगमधून निघालेली तापलेली सळई पाण्याने झटकन थंड करायची, आणि आतल्या उष्णतेने बाहेरचे कवच पुन्हा मऊ व्हायचे. या सळईत यील्डची पायरी परत दिसू लागली. २००८ च्या IS 1786 मध्ये जास्त लवचीक अशा D ग्रेड आल्या. Fe 500D साठी यील्ड किमान ५००, अल्टिमेट किमान ५६५ मेगापास्कल, आणि अल्टिमेट प्रत्यक्ष यील्डपेक्षा किमान १० टक्के जास्त हवा. खरा वाद या शेवटच्या अटीत आहे. यील्ड जास्त आला की आधी सगळे खूश व्हायचे, आता जास्त यील्ड सळईला नापास करू शकतो. आणि पायरीवर यील्ड दोन असतात: लोड पहिल्यांदा पडण्याआधीचा वरचा, ReH, आणि त्यानंतर पायरीवर सुरुवातीची क्षणिक डुबकी सोडून मिळणारा सर्वांत कमी, ReL.

समजा, १६ मिमीची Fe 500D सळई आहे. ६०० मिमीच्या तुकड्याचे वजन ०.९३६ किलो, म्हणजे मीटरला १.५६ किलो. त्याला स्टीलच्या घनतेवरून येणाऱ्या ०.००७८५ ने भागले की क्षेत्रफळ १९८.७ चौ. मिमी येते. लोड १०८.८ किलोन्यूटनला पहिल्यांदा पडला, पायरीवर १०५.० पर्यंत उतरला आणि शेवटी सर्वाधिक ११९.० झाला. ReH आला ५४८, ReL ५२८, अल्टिमेट ५९९ मेगापास्कल. ReL धरला तर गुणोत्तर १.१३ येते आणि सळई पास होते. ReH धरला तर १.०९ येते आणि तीच सळई नापास होते. क्षेत्रफळात काही गडबड असती तरी गुणोत्तर बदलले नसते, कारण दोन्ही लोड त्याच क्षेत्रफळाने भागले जातात. निकाल फिरवते ती फक्त यील्डची निवड.

मानकातली व्याख्या लोड न वाढता वाढ प्रथम कधी होते त्याबद्दल बोलते. शब्दशः वाचली तर ती वरच्या यील्डकडे झुकते, आणि माझ्या मते तेच योग्य आहे. खालचा यील्ड जास्त स्थिर असतो हा प्रतिवाद मात्र हलका नाही. वरचा यील्ड सळई जबड्यात किती सरळ धरली आहे, यंत्र किती ताठ आहे आणि लोड किती वेगाने चढतो, यांवर बराच हलतो. वेग वाढला की आकडा वाढतो.

वेगाच्या या मुद्द्यामुळेच टेन्साइल चाचणीच्या २००९ च्या आंतरराष्ट्रीय मानकात, ISO 6892-1 मध्ये, दोन पद्धती वेगळ्या झाल्या: A मध्ये स्ट्रेनचा वेग आखून द्यायचा, B मध्ये स्ट्रेसचा. स्टीलसाठी B मध्ये सेकंदाला ६ ते ६० मेगापास्कल इतकी ऐसपैस मुभा आहे. या पट्ट्याच्या दोन टोकांना ताणलेली एकच सळई दोन वेगळे वरचे यील्ड देऊ शकते. म्हणून रिपोर्टमध्ये मानकाच्या नावापुढे पद्धतही लिहायची सोय केली गेली. B30 म्हणजे सेकंदाला ३० मेगापास्कल. पुढे याच चाचणीच्या आपल्या IS 1608 नेही हाच साचा घेतला. तरीही रिपोर्टवर बहुधा नुसते ‘IS 1608’ एवढेच छापलेले दिसते.

इलाँगेशनबद्दल थोडक्यात. तुटण्याआधी सळई एका जागी बारीक होते आणि मोठी वाढ तिथेच होते, म्हणून गेज लेंथ जितकी आखूड तितका टक्का जास्त. हे टाळण्यासाठी ती 5.65√S₀ अशी क्षेत्रफळाला बांधली गेली. गोल सळईसाठी ती व्यासाच्या पाचपट भरते. अमेरिकी मानकात सळईला ८ इंच गेज लेंथ असते. १६ मिमीच्या सळईचे तिथले टक्के इथल्या टक्क्यांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

आता पुन्हा एक बदल साइटवर दिसतो. ८ मिमीच्या सळया पुष्कळदा कॉइलमधून येतात आणि यंत्रात सरळ केल्या जातात. सरळ करताना यील्डची पायरी पुसली जाते आणि कर्व्ह पुन्हा गोल होतो. म्हणजे एकाच रिपोर्टमध्ये १६ मिमीच्या ओळीत ReH आणि ८ मिमीच्या ओळीत Rp0.2, म्हणजे ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस, असू शकतो, तोही ‘यील्ड’ या एकाच शीर्षकाखाली. प्रत्येक ओळीपुढे चिन्ह, पद्धत आणि गेज लेंथ लिहायला रकान्यात जागा लागते ती फार थोडी.