भाषानियोजन : गोव्याच्या राजभाषेचा आणि शाळांच्या माध्यमाचा दाखला

एकाहून अधिक भाषा बोलल्या जाणाऱ्या राज्यात कोणती भाषा कुठे वापरायची आणि ती कशा रूपात वापरायची, याविषयी शासनाने किंवा समाजातल्या संस्थांनी जाणीवपूर्वक घेतलेल्या निर्णयांना भाषानियोजन म्हणतात. नॉर्वेतील प्रमाणभाषेच्या वादाचा अभ्यास करताना आयनार हाउगेन यांनी 1959 मध्ये ही संज्ञा अभ्यासविश्वात रूढ केली. पुढे 1969 मध्ये हाइन्त्स क्लॉस यांनी तिचे दोन भाग पाडले. राजभाषा, न्यायालयाची भाषा, नोकरभरतीची भाषा असे स्थान एखाद्या भाषेला देणे किंवा नाकारणे म्हणजे दर्जानियोजन. लिपी ठरवणे, शुद्धलेखनाचे नियम करणे, परिभाषा घडवणे, कोणत्या बोलीचे रूप प्रमाण मानायचे ते ठरवणे, म्हणजे खुद्द भाषेच्या घडणीत हात घालणे, हे झाले भाषाघडणीचे नियोजन. इंग्रजीत त्याला कॉर्पस प्लॅनिंग म्हणतात. पहिले काम विधिमंडळात होते, दुसरे कोशमंडळांत आणि पाठ्यपुस्तक समित्यांत. म्हणून ते वेगवेगळे वाटतात. प्रत्यक्षात एकातला निर्णय दुसऱ्यात उतरतो आणि दोहोंचा भार शेवटी पहिलीच्या वर्गावर येतो. हे गोव्याइतके स्पष्ट भारतात फार थोड्या ठिकाणी दिसते.

गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला तेव्हा तिथे भाषांची कामे वाटली गेलेली होती. घरात आणि बाजारात बहुतेकांची कोकणी. हिंदूंची पोथी, कीर्तन, नाटक, वर्तमानपत्र आणि खासगी शाळा बहुतांशी मराठीत. ख्रिस्ती समाजाची प्रार्थना, तियात्र नावाचे नाटक आणि साप्ताहिके रोमी म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत. कचेरीची भाषा पोर्तुगीज. मुक्तीनंतर कचेरीतली जागा इंग्रजीने घेतली. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. ज्या वाड्यांवर शाळाच नव्हती तिथे अक्षरओळख पोचली ती या शाळांतून, आणि सरकारी प्राथमिक शाळा आजही प्रामुख्याने मराठी माध्यमाच्या का आहेत याचे उत्तर त्या काळात आहे.

महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही, यावर 16 जानेवारी 1967 रोजी कौल घेतला गेला. सुमारे 34 हजार मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारले गेले. वाद त्यामुळे संपला नाही. फक्त प्रश्न बदलला. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा मुद्दा पुढे आला. 1975 मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. एखादे भाषारूप भाषा आहे की बोली, हे निव्वळ व्याकरणाने ठरत नाही. मान्यता देणारी संस्था ते ठरवते, आणि म्हणूनच अशी मान्यता हाही दर्जानियोजनाचाच भाग असतो.

राजभाषेसाठीचे आंदोलन 1986 च्या अखेरीस हिंसक झाले, माणसे मेली. प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री असताना फेब्रुवारी 1987 मध्ये राजभाषा कायदा संमत झाला, आणि त्याच वर्षी 30 मे रोजी गोवा घटक राज्य बनले. कायद्याने कोकणी ही राजभाषा ठरवली आणि मराठीचाही सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामांसाठी वापर करण्याची तरतूद केली. तेव्हा एकाच केंद्रशासित प्रदेशात असलेल्या दमण आणि दीवसाठी गुजराती ठरली. मराठीचे समर्थक या तरतुदीला आजही अपुरे मानतात: काम करण्याची मुभा आहे, राजभाषेचे नाव नाही. ही तक्रार नुसत्या नावाची नाही. ज्या भाषेला नाव असते तिच्यासाठी अधिकारी नेमावा लागतो आणि अर्थसंकल्पात तरतूद करावी लागते. ज्या भाषेला मुभा असते तिचा वापर अधिकाऱ्याच्या इच्छेवर राहतो.

या कायद्यातले सर्वांत दूरगामी वाक्य मात्र व्याख्येच्या कलमात आहे. तिथे कोकणी म्हणजे देवनागरी लिपीतील कोकणी, असे म्हटले आहे. दर्जा देणाऱ्या कायद्यानेच लिपीही ठरवून टाकली. कोकणी देवनागरीशिवाय रोमी, कन्नड आणि मल्याळम लिप्यांतही लिहिली जाते. रोमी लेखनाची परंपरा सतराव्या शतकापासूनची आहे. तिचे स्वतःचे लेखननियम आहेत, ‘श’साठी एक्स हे अक्षर, मूर्धन्य वर्णासाठी अक्षर दोनदा. 1933 पासून निघणारे ‘वावराड्यांचो इश्ट’ हे साप्ताहिक त्याच लिपीत आहे. ज्या ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी आणि तियात्रकारांनी कोकणीसाठी रस्त्यावर उतरून लढा दिला त्यांच्यातल्या अनेकांच्या हातातली लिपी कायद्याच्या व्याख्येत बसली नाही. रोमीला समान स्थान द्या, ही मागणी तेव्हापासून चालू आहे.

लिपीपाठोपाठ बोलीचा प्रश्न आला. पाठ्यपुस्तकांची प्रमाण कोकणी मुख्यतः फोंडा परिसरातल्या, म्हणजे अंत्रुजी वळणाच्या बोलीवर उभी राहिली. पुस्तकात ‘म्हजें’ छापलेले, तर रोमी वाचणाऱ्याच्या सवयीचे ‘म्होजें’. एका स्वराचा हा फरक मोठ्या माणसाला किरकोळ वाटेल, पण दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातले मूल पहिलीत नवी लिपी आणि न ऐकलेली रूपे दोन्ही एकदम शिकू लागते. तिथे ‘मातृभाषेतून शिक्षण’ या शब्दांतला अर्धा अर्थ गळून पडतो.

परिभाषेतही एक निवड होती. मराठीने दैनिक, साप्ताहिक, मासिक असे संस्कृत वळणाचे शब्द स्वीकारले आहेत. कोकणीत त्यांच्यासाठी दिसाळें, सातोळें, म्हयनाळें असे घरच्या धातूचे शब्द घडले. मराठीपासून अंतर दिसले पाहिजे, हा त्यामागचा एक उद्देश होता आणि तो गैर नाही. नव्याने मान्यता मिळालेल्या बहुतेक भाषा असेच करतात. हे शब्द ऐकताच कळतात आणि म्हणून टिकले. भाषाघडण फसते ती शब्द वाईट असतो म्हणून क्वचितच. तो वापरावाच लागेल असा व्यवहार नसतो, म्हणून बहुधा. कचेरीतली टिपणी इंग्रजीतच होत असेल, तर शासकीय परिभाषेचा उत्तम कोशही कपाटात राहतो. महाराष्ट्रात 1960 मध्ये भाषा संचालनालय निघाले आणि 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कायद्याचा आधार मिळाला. आधी अवघड म्हणून ज्यांची टिंगल झाली ती जिल्हाधिकारी, महापालिका, अभियंता यांसारखी नावे आज कुणाला परकी वाटत नाहीत, कारण ती रोजच्या अर्जांवर लिहावी लागली. उच्च न्यायालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत तशी गरज पडली नाही. तिथली परिभाषा अजून कोशातच आहे.

शाळेच्या माध्यमाचा वाद गोव्यात पेटला तो अनुदानावरून. कोणत्याही माध्यमाची शाळा काढायला बंदी नव्हती. प्रश्न शिक्षकांचा पगार सरकारने द्यायचा की नाही, एवढा होता. 1990 मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांच्या, म्हणजे कोकणी आणि मराठीच्या, माध्यमापुरते ठेवण्याचे ठरले. चर्चच्या व्यवस्थापनाखालच्या बहुतेक इंग्रजी शाळांनी अनुदान टिकवण्यासाठी कोकणी माध्यम स्वीकारले, अर्थात देवनागरीतले.

अशा शाळेतल्या मुलाचा प्रवास पाहिला की धोरणातली गफलत कळते. बालवाडी अनुदानाच्या कक्षेत नाही, म्हणून ती बहुधा इंग्रजी. पहिली ते चौथी कोकणी. पाचवीपासून माध्यमिक शाळा पुन्हा इंग्रजी, कारण गोव्यातले माध्यमिक शिक्षण जवळपास सगळे त्याच भाषेत आहे. मराठी शाळेतल्या मुलाला पहिली उडी नसते, पण दुसरी असतेच. चौथीपर्यंत अपूर्णांक, अंश, छेद नीट समजलेले मूल पाचवीत फ्रॅक्शन, न्यूमरेटर, डिनॉमिनेटर ऐकते आणि ते गणितात कच्चे आहे की इंग्रजीत, हे शिक्षकालाही लवकर उमगत नाही. ते तपासायचा साधा उपाय आहे: तेच उदाहरण त्याच्या भाषेत तोंडी विचारायचे. उत्तर बरोबर आले तर अडचण गणिताची नाही. पण असे विचारायला वर्गात वेळ नसतो, आणि गुणपत्रिकेवर ‘गणितात कच्चा’ असेच उमटते.

पालक यावरून निष्कर्ष काढतात की पहिलीपासूनच इंग्रजी बरे. त्यांच्या जागी हा निष्कर्ष तर्कशुद्ध आहे, पण पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. नायजेरियात 1970 नंतरच्या दशकात, शिक्षणतज्ज्ञ बाब्स फाफुन्वा यांच्या पुढाकाराने, इफे येथे योरुबा भाषकांच्या मुलांवर एक दीर्घ प्रयोग झाला. तिथे रूढ पद्धत पहिली तीन वर्षे योरुबा आणि मग इंग्रजी अशी होती. प्रयोगातल्या मुलांना सहाही वर्षे योरुबातून शिकवले आणि इंग्रजी हा स्वतंत्र विषय तयारीच्या शिक्षकाने शिकवला. ही मुले इतर विषयांत पुढे राहिलीच, इंग्रजीतही मागे पडली नाहीत. दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या: मातृभाषेची वर्षे अर्ध्यावर तोडली नाहीत, आणि इंग्रजी शिकवणाऱ्याला इंग्रजी येत होती. गोव्यात पहिली गोष्ट धोरणाने केली नाही, आणि दुसऱ्या गोष्टीकडे मातृभाषेच्या बाजूच्या लोकांचेही पुरेसे लक्ष गेले नाही.

2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला, आणि पंचवीस वर्षे एकमेकांशी भांडलेले कोकणीवादी आणि मराठीवादी एका व्यासपीठावर आले. पूर्वी भांडण दर्जाचे होते, आता दोन्ही भाषांच्या शाळा रिकाम्या होण्याची भीती होती. 2012 मध्ये आलेल्या मनोहर पर्रीकर सरकारने आधीपासून चालू असलेल्या अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान कायम ठेवले. मंचाने त्याला विरोध केला, आणि त्या संघर्षात 2016 मध्ये मंचाचे नेते सुभाष वेलिंगकर यांना राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गोव्यातल्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले.

दरम्यान, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्या प्रकरणात, राज्याला प्राथमिक शाळांवर मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला. माध्यम निवडणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला गेला. भाषा हा विषय म्हणून अनिवार्य करणे वेगळे: 2004 मध्ये उषा मेहता प्रकरणात महाराष्ट्राने अल्पसंख्याक शाळांतही मराठी शिकवणे बंधनकारक केल्याचे न्यायालयाने ग्राह्य धरले होते. म्हणून आज राज्यांच्या हाती ठामपणे उरते ते एवढेच: भाषा विषय म्हणून शिकवणे आणि स्वतःच्या शाळा चांगल्या चालवणे.

घटनेच्या 350अ कलमानुसार भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करणे अपेक्षित आहे. गोव्यातल्या बांधकामांवर आणि मासेमारी बंदरांवर राबणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांची मुले मराठी किंवा कोकणी शाळेत जातात तेव्हा त्यांच्या घरातली कन्नड, तेलुगू किंवा लमाणी त्या वर्गात कुणालाच येत नसते. कोकणी, मराठी आणि इंग्रजी यांच्या वादातला कोणताही पक्ष या मुलांच्या वतीने बोललेला नाही, आणि मातृभाषेचा आग्रह धरणाऱ्यांनी तरी आपल्या मागणीत त्यांना जागा द्यायला हवी होती.