इन्फर्मेशन गेनचे हाताने गणित (हवामानाचा तक्ता)

इन्फर्मेशन गेन म्हणजे एखाद्या रकान्यानुसार नोंदींचे गट पाडल्यावर निकालाबद्दलची अनिश्चितता किती कमी झाली, याचे माप. डिसिजन ट्रीच्या, म्हणजे एकेक रकाना तपासत निकालापर्यंत नेणाऱ्या झाडाच्या, मुळाशी कोणता रकाना घ्यायचा हे आयडी-३ पद्धतीत या मापावरून ठरते. ही पद्धत ऑस्ट्रेलियाचे रॉस क्विनलन यांची. त्यांच्या १९८६ च्या लेखात १४ नोंदींचा हवामानाचा छोटा तक्ता आहे. मशीन लर्निंग किंवा डेटा मायनिंगच्या लेखी परीक्षेत बहुधा तोच तक्ता ‘टेनिस खेळायचे की नाही’ या रूपात विचारतात. आकाश, तापमान, आर्द्रता आणि वारा हे चार रकाने दिलेले असतात, आणि १४ दिवसांपैकी ९ दिवसांचा निकाल ‘हो’ व ५ दिवसांचा ‘नाही’ असतो.

पहिली पायरी म्हणजे पूर्ण तक्त्याची एन्ट्रॉपी, म्हणजेच निकालाबद्दलच्या अनिश्चिततेचा आकडा. पाठ्यपुस्तकी सूत्रात ९/१४ आणि ५/१४ या अपूर्णांकांचे लॉग घ्यावे लागतात, आणि चुका सर्वांत जास्त तिथेच होतात. तेच सूत्र थोडे उलगडले की फक्त पूर्णांकांचे लॉग पुरतात:

```
H = log₂N − (a·log₂a + b·log₂b) / N
```

येथे N म्हणजे गटातील एकूण नोंदी, a म्हणजे ‘हो’ आणि b म्हणजे ‘नाही’. कॅल्क्युलेटरवर १० पायाचा लॉग असेल तर उत्तराला ३.३२२ ने गुणावे. २ पायाने ३ चा लॉग १.५८५, ५ चा २.३२२, ९ चा ३.१७० आणि १४ चा ३.८०७ येतो. उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात हे चार आकडे आधी लिहून ठेवले की निम्मे काम झाले.

```
H = ३.८०७ − (९×३.१७० + ५×२.३२२)/१४
  = ३.८०७ − ४०.१४/१४ = ०.९४०
```

आता आकाशाचा रकाना घेऊ. ऊन असलेले दिवस ५ (२ हो, ३ नाही), ढगाळ ४ (चारही हो) आणि पावसाचे ५ (३ हो, २ नाही). ढगाळ गटात सगळे एकाच बाजूचे असल्याने त्याची एन्ट्रॉपी शून्य. उरलेल्या दोन्ही गटांची ०.९७१. प्रत्येक गटाला त्याच्या आकाराचे वजन द्यायचे:

```
(५/१४)×०.९७१ + (४/१४)×० + (५/१४)×०.९७१ = ०.६९४
गेन = ०.९४० − ०.६९४ = ०.२४६
```

पायऱ्यांमध्ये जास्त दशांश धरले तर हाच आकडा ०.२४७ येतो. दोन्ही उत्तरे छापलेली दिसतात आणि फरक फक्त पूर्णांकनाचा आहे, म्हणून त्यावरून गणित पुन्हा सोडवत बसू नये. याच रीतीने आर्द्रतेचा गेन ०.१५२, वाऱ्याचा ०.०४८ आणि तापमानाचा ०.०२९ येतो. आकाशाचा सर्वांत मोठा, म्हणून तेच मूळ.

वजन विसरून गटांच्या एन्ट्रॉपी नुसत्या बेरजेने घेतल्या तर बेरीज १.९४२ होते आणि गेन उणे येतो. खरा गेन कधीच उणा नसतो, त्यामुळे ही चूक स्वतःच उघडी पडते. दोन पर्यायांच्या निकालात एन्ट्रॉपी १ च्या वर गेली तरी तेच समजावे. लॉग १० पायाचाच राहिला तर मात्र पहिली एन्ट्रॉपी ०.२८३ येते. रकान्यांचा क्रम त्याने बदलत नाही, आकडे तेवढे चुकतात, म्हणून झाड बरोबर येऊनही ही चूक लपून राहते.

खरी फसगत दुसऱ्या पातळीवर होते. ‘ऊन’च्या फांदीत आता फक्त ५ नोंदी आहेत, म्हणून वजाबाकी ०.९४० मधून न करता या फांदीच्या ०.९७१ मधून करायची. तिथे वारा मंद असलेले ३ दिवस (१ हो, २ नाही) आणि जोराचा असलेले २ (१ हो, १ नाही):

```
(३/५)×०.९१८ + (२/५)×१ = ०.९५१
गेन = ०.९७१ − ०.९५१ = ०.०२०
```

घाईत जुनाच ०.९४० वापरला तर उत्तर −०.०११ येते. उणे चिन्ह दिसले की आधी हाच आकडा तपासावा. याच फांदीत आर्द्रता जास्त असलेले तिन्ही दिवस ‘नाही’ आणि सामान्य असलेले दोन्ही ‘हो’ आहेत. सगळी अनिश्चितता संपते, गेन पूर्ण ०.९७१. पावसाच्या फांदीत हेच काम वारा करतो: जोराचा असला की दोन्ही दिवस ‘नाही’, मंद असला की तिन्ही ‘हो’. तापमान झाडात कुठेच येत नाही.

काही प्रश्नपत्रिकांत तक्त्याला दिवसाचा क्रमांकही जोडलेला असतो. त्या रकान्याने १४ एकेकट्या नोंदींचे गट पडतात, प्रत्येकाची एन्ट्रॉपी शून्य, आणि गेन सर्वांत मोठा म्हणजे ०.९४० येतो. पण नव्या दिवसाबद्दल तो काहीच सांगत नाही, म्हणून गणितात धरू नये. गटांची संख्या वाढली की गेन फुगतो, हा या मापाचाच दोष आहे. त्यावर क्विनलन यांनी गेनला विभागणीच्या स्वतःच्या एन्ट्रॉपीने भागून गेन रेशो सुचवला. आकाशाच्या ५, ४, ५ अशा विभागणीची एन्ट्रॉपी १.५७७, म्हणून त्याचा गेन रेशो ०.१५६.