संहितावाचन (झाडीपट्टी रंगभूमी)

नव्या नाटकाच्या तालमी सुरू होण्याआधी सगळ्या नटांनी एकत्र बसून संहिता पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायची, याला संहितावाचन म्हणतात. पूर्व विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत धानकापणीनंतर, साधारण दिवाळीपासून होळीपर्यंत, झाडीपट्टी नाटकांचा हंगाम चालतो. वडसा हे त्याचे मुख्य केंद्र. येथे तालमी मोजक्या असतात आणि रात्रभराचा प्रयोग बराचसा प्रॉम्प्टरच्या भरवशावर उभा राहतो. संवाद ढिला असेल, तर तो कानाला कळण्याची निवांत वेळ बहुधा वाचनाचीच. हंगाम लागला की रोज नवे गाव असते, तेव्हा संहितेला हात लावायला कोणाला सवड नसते.

वाचनाआधी दोन-तीन दिवस नटाच्या हाती संपूर्ण संहिता पडावी, नुसती त्याच्या भूमिकेची पाने नव्हेत. आपली वाक्ये त्याने रेघ मारून ठेवावीत, घरी एकदा मोठ्याने वाचावीत, पण पाठ करू नयेत. पाठ केलेला नट वाईट वाक्यही सफाईने खपवतो आणि दोष झाकला जातो. हाच धोका अनुभवी नटाकडूनही असतो. तो चढ्या आवाजात, हातवारे करत वाचू लागला की मंडळी त्याच्या गळ्यावर खूश होतात. म्हणून वाचन बोलण्याच्या आवाजात आणि बोलण्याच्या गतीने करायचे असते. विनोदी नटाने आधी लिहिलेले तेवढेच वाचावे. पदरची वाक्ये तो पुढे घालणारच आहे.

रंगसूचना नट नसलेल्या एकाने वाचाव्यात. गाण्यांचे फक्त ध्रुपद म्हणून पुढे जावे. लेखकाने स्वतः भूमिका वाचू नये आणि मध्येच अर्थही सांगू नये, कारण प्रेक्षकांत बसून तो समजावून देणार नाही. त्याने घड्याळ जवळ ठेवून प्रत्येक प्रवेशाची सुरुवात व शेवट टिपावा. वाचणारा अडखळला, त्याने शब्द आपोआप पुढे-मागे केले किंवा ऐकणारे पाने चाळू लागले, की समासात नुसती खूण करावी. खुणांची चर्चा अंक संपल्यावर.

एक अडखळणे म्हणजे वाक्याचा दोष नव्हे. तेच वाक्य दुसऱ्या नटाकडून वाचून घ्यावे. तोही तिथेच अडला, तर वाक्य बदलायचे. उदाहरणादाखल जमिनीच्या वाटणीचा प्रवेश घेऊ. नागपूरहून आलेला धाकटा भाऊ म्हणतो, “दादा, आपल्या वडिलांच्या निधनानंतर ही पाच एकर धानाची जमीन तू एकट्याने कसत आलास, याची मला पूर्ण जाणीव आहे.” दोघेही नट ‘कसत आलास’पाशी दम घेतात. क्रियापद शेवटी असल्याने तोवर वाक्य कुठे चालले ते कळत नाही, आणि प्रॉम्प्टरला ते एका दमात फेकताही येत नाही. शिवाय दादाला ठाऊक असलेलेच दादाला सांगितले जात आहे, ते केवळ प्रेक्षकांसाठी. नटाला “तुझ्या भाषेत सांग” म्हटले की निघते, “बाबा गेले तवापासून बांधीत तूच त हायेस, दादा.” बांधी म्हणजे धानाचे शेत. एकर किती, हे पुढे भांडणात आपोआप येते.

याच प्रवेशाची गती घड्याळाने सापडते. लेखकाच्या अंदाजाने १२ मिनिटांचा प्रवेश वाचनात १७ मिनिटे चालला, तर लगेच सगळीकडे कात्री लावू नये. आधी पहावे की नवी गोष्ट केव्हा कळते. इथे धाकट्याने परस्पर करून दिलेली इसारपावती चौदाव्या मिनिटाला बाहेर येते, त्याआधी आई कर्जाची हकिकत तीनदा सांगते. आईच्या दोन हकिकती काढल्या आणि पावती सहाव्या मिनिटाला आणली, तर प्रवेश १४ मिनिटांवर येतो. तरी अंदाजापेक्षा मोठाच, पण आता पावतीनंतर भांडायला आठ मिनिटे मिळतात, पूर्वी तीनच होती. प्रवेश लांब वाटण्याचे कारण पुष्कळदा लांबी नसतेच.

वाचनाच्या घड्याळाला मर्यादा आहेत. त्यात वेशबदल, गाण्याचे वन्समोअर, प्रवेशांमधल्या लावण्या आणि पडद्यामागची धावपळ येत नाही. टेबलाभोवतीचे हसूही जपून धरावे. सोबत्याच्या लकबीवर मंडळी हसतात, वाक्यावर नव्हे. उलट वाचनात शांत गेलेला करुण प्रवेश वाद्यांच्या साथीने उठू शकतो, त्यामुळे तो लगेच काढू नये. हंगामासाठी बाहेरगावाहून येणारा कलावंत हजर नसेल, तर त्याच्या जागी वाचणाऱ्याची गती हिशेबात धरू नये.

बदललेली पाने दुसऱ्या बैठकीत वाचतात, त्यांच्या मागचा-पुढचा प्रवेश जोडून. या वेळी प्रॉम्प्टरने वाक्ये फेकावीत आणि नटांनी ती उचलावीत. त्याच्या वहीत जुने वाक्य खोडलेले नसेल, तर प्रयोगाच्या रात्री नटाच्या तोंडून तेच बाहेर पडते.