चेहरा सुजला: अ‍ॅलर्जी की धावरे?

समजा, रविवारी संध्याकाळी एका बाईंनी नवा हेअर डाय लावला. त्याच संध्याकाळी एका गृहस्थांनी नवा फेस स्क्रब घेऊन गाल खसाखसा चोळले. मंगळवारी सकाळी दोघांचेही चेहरे लाल आणि सुजलेले. दोन्ही घरांत एकच वाक्य ऐकू येतं, ‘नवीन काहीतरी लावलंस ना, रिअ‍ॅक्शन आली!’ दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर बाईंचा फोटो जास्त घाबरवणारा आहे, कारण त्यांचे दोन्ही डोळे जवळजवळ मिटलेत. गृहस्थांच्या उजव्या गालावर फक्त एक लाल चट्टा आहे. तरी आधी धावपळ करायला हवी ती गृहस्थांसाठी.

बाईंना झालंय ते अ‍ॅलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे त्वचेला लागलेल्या वस्तूची अ‍ॅलर्जी. गृहस्थांना झालंय ते एरिसिपेलस. जुनी माणसं त्याला धावरे म्हणतात. हा जंतुसंसर्ग आहे आणि तो बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूंमुळे होतो. एकाला दाह शमवणारं औषध लागतं, दुसऱ्याला अँटिबायोटिक, आणि तेही लवकर.

बाईंची रविवारपासूनची हकिकत ऐकली की निम्मं निदान होतं. डाय लावला तेव्हा काहीच झालं नाही. सोमवारी दुपारी कानामागे आणि केसांच्या कडेला खाज सुटली. रात्री ती कपाळावर आली आणि मंगळवारी पापण्या सुजल्या. ही उशिरा उमटणारी अ‍ॅलर्जी आहे. शरीरातल्या विशिष्ट पेशी आधी ती वस्तू ओळखतात, मग गोळा होतात, आणि या सगळ्याला साधारण एक ते तीन दिवस लागतात. त्यामुळे ‘लावलं तेव्हा तर काही झालं नाही’ हा पुरावा इथे चालत नाही. ‘हा डाय मी पूर्वीही लावलाय’ हाही चालत नाही. अ‍ॅलर्जी जडायला आधीचा संपर्क लागतोच, त्यामुळे वर्षानुवर्षं निमूट सोसलेली वस्तू एके दिवशी उलटू शकते.

आता पापण्याच का? डाय तर डोक्याला लावला होता. डोक्याची त्वचा जाड असते, ती बरंच सोसते. पापणीची त्वचा अंगावरच्या सगळ्यात पातळ त्वचेपैकी एक, आणि तिच्याखालचं अस्तर इतकं सैल की थोडं पाणी साठलं तरी ती फुग्यासारखी फुगते. म्हणून हेअर डायची अ‍ॅलर्जी डोक्यावर जेमतेम दिसते आणि पापण्या, कान, मान इथे थैमान घालते. नेलपॉलिशची अ‍ॅलर्जीसुद्धा पुष्कळदा बोटांऐवजी पापण्यांवरच उमटते, कारण हात दिवसभर चेहऱ्याला लागत असतात.

या पुरळाला खाज असते, आणि तीही जोरदार. आग होते, त्वचा ताणल्यासारखी वाटते, पण दाबलं तर फारसं दुखत नाही. सूज बहुधा दोन्ही बाजूंना असते. कडा अस्पष्ट असतात, लाली कुठे संपते ते बोटाने दाखवता येत नाही. जवळून पाहिलं तर बारीक पाण्याच्या पुळ्या दिसतात, त्या फुटून लस वाहते आणि खपली धरते. मुख्य म्हणजे ताप नसतो. बाई हैराण असतात, पण आजारी दिसत नाहीत.

गृहस्थांची गोष्ट उलटी सुरू होते. सोमवारी संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली, अंग मोडून आलं, ताप १०२ फॅरनहाइटवर गेला. तेव्हा गालावर धड काही दिसतही नव्हतं, घरच्यांना साधा ताप वाटला. काही तासांनी नाकाशेजारी रुपयाएवढा लाल चट्टा उठला आणि सकाळपर्यंत तो अर्ध्या गालावर पसरला. आधी थंडीताप, मग चट्टा हा क्रम धावऱ्यात वारंवार दिसतो. लावलेल्या वस्तूच्या अ‍ॅलर्जीत असा क्रम सहसा नसतोच.

तो चट्टा हाताला गरम लागतो, टणक आणि तुकतुकीत असतो. दाबलं की दुखतं. खाज असलीच तर नावापुरती. त्याची कडा सगळ्यात बोलकी असते. डोळे मिटून बोट फिरवलं तरी निरोगी त्वचेवरून चट्ट्यावर चढताना पायरी लागते. सुरुवात बहुधा एका बाजूने होते, नंतर नाकावरून दुसऱ्या गालावर जाऊ शकते. जबड्याखाली किंवा कानापुढे दुखरी गाठ लागते.

मग स्क्रबचा काहीच दोष नाही का? आहे, पण वेगळा. त्यातल्या खरखरीत कणांनी नाकपुडीच्या कडेला बारीकसा ओरखडा काढला आणि जंतूंना दार उघडून दिलं. दाढी करताना लागलेला कट, फोडलेली पुळी, नाकातली चीर, कुठूनही हेच होऊ शकतं. म्हणून ‘नवीन वस्तू लावल्यावर झालं’ एवढ्यावर अ‍ॅलर्जी ठरवणं मला धोक्याचं वाटतं. त्या समजुतीपायी माणूस घरातली स्टिरॉइडची ट्यूब काढून लावतो, लाली दोन दिवस दबते आणि संसर्ग आत पसरत राहतो.

ताप मोजण्याबद्दल एक गोष्ट. पॅरासिटामॉल घेण्याआधी मोजा, नाहीतर आकडा फसवेल. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, किंवा त्याहून जास्त ताप आणि चेहऱ्यावर दुखरी सूज, एवढं जुळलं की त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, डॉक्टर गाठायचा. मात्र ताप नाही म्हणून संसर्ग नाहीच, असं उलट समजू नका. म्हातारी माणसं, मधुमेही, स्टिरॉइडच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणारे यांना ताप येईलच असं नाही. सावळ्या रंगावर लालीही फसवते, ती जांभळट किंवा नुसती गडद दिसते. तिथे डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवावा: दोन्ही गालांना बोटांची मागची बाजू लावून कोणता जास्त गरम आहे ते बघायचं. बॉलपेनने चट्ट्याच्या कडेवर रेघ मारून वेळ लिहून ठेवणं ही जुनी, बिनखर्चाची युक्ती. काही तासांत लाली रेघ ओलांडून गेली तर उद्याची वाट पाहायची नाही.

बाईंकडे परत येऊ. त्यांनी डाय पुरता धुऊन टाकावा, कोमट पाण्याने आणि सौम्य शाम्पूने, दोनदा. थंड पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाच्या पट्ट्या दहा-पंधरा मिनिटं ठेवाव्यात. चेहऱ्यावर दुसरं काहीही लावू नये, ‘नैसर्गिक’ म्हणून मिळणारं तर नाहीच. खाजेच्या नेहमीच्या अ‍ॅलर्जीच्या गोळीने फार फरक पडत नाही. ती हिस्टामिन अडवते, आणि या प्रकारात मुख्य खेळ हिस्टामिनचा नसतो. डोळे मिटण्याइतकी सूज असेल तर त्यांनीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. अशा वेळी डॉक्टर बहुधा तोंडावाटे स्टिरॉइड देतात आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करतात. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून ते मध्येच सोडलं तर पुरळ पुन्हा उसळतं.

खरी गल्लत होते ती पाचव्या-सहाव्या दिवशी. बाईंनी झोपेत खाजवलंय. डावा गाल, जो ओसरत होता, पुन्हा फुगलाय, पण आता खाजेऐवजी ठणकतोय. खपल्या मधासारख्या पिवळ्या दिसतात, थोडी कणकण आहे. म्हणजे पहिल्या आजारावर दुसरा येऊन बसलाय. अ‍ॅलर्जीने फुटलेल्या त्वचेतून जंतू आत शिरलेत. ‘रिअ‍ॅक्शनच आहे, हळूहळू जाईल’ हे मंगळवारी ठीक होतं, आता नाही. खाजेची जागा दुखण्याने घेतली, दोन्हीकडची सूज एकीकडे वाढली, ताप आला, यातलं काहीही झालं तर पुन्हा दाखवायला जायचं. पुळ्या सगळ्या एकसारख्या, मधोमध खळगा असलेल्या आणि दुखऱ्या असतील तर तो नागिणीच्या कुळातला विषाणू असू शकतो. त्याचं औषध वेगळं आहे आणि तेही तातडीचंच, विशेषतः डोळ्याजवळ.

काही खुणा अशा आहेत की तिथे अ‍ॅलर्जी की धावरे हा प्रश्नच बाजूला ठेवायचा. वस्तू लावल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात ओठ, जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या किंवा भोवळ आली, तर ती झटपट उसळणारी अ‍ॅलर्जी आहे. तिथे गोळी घेऊन बघत बसायचं नाही. अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, तेव्हा ॲम्ब्युलन्स बोलवायची. डोळा हलवताना दुखणं, एकाचे दोन दिसणं, अंधुक दिसणं, बुबुळ पुढे आल्यासारखं वाटणं या खुणा संसर्ग डोळ्याच्या खोबणीत गेल्याच्या आहेत. त्यांना इस्पितळच लागतं. पापणी इतकी सुजली की आतलं दिसत नाही, तर स्वच्छ हाताने हळूच वर करून त्या डोळ्याला दिसतंय का, हे निदान एकदा तपासा. आणि त्वचा सोलून येत असेल, मोठे फोड असतील, तोंडात किंवा डोळ्यांत व्रण असतील, सोबत ताप असेल, तर लावलेल्या क्रीमकडे बोट दाखवण्याआधी गेल्या दोन महिन्यांत सुरू केलेल्या गोळ्या आठवा. असा आजार बहुतेक वेळा पोटात घेतलेल्या औषधाचा असतो, आणि तो जिवावर बेततो.

डॉक्टरकडे जाताना डायचं खोकं आणि आतला कागद घेऊन जा, फेकून दिला असेल तर कचऱ्यातून काढा. गडद रंगांच्या डायमध्ये पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलिनडायमिन, असतं आणि बहुतेक वेळा गुन्हेगार तेच असतं. खात्री पॅच टेस्टने होते. पाठीवर संशयित पदार्थांचे बारीक ठिपके चिकटवून ते ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा बघतात. ही चाचणी चेहरा पूर्ण निवळल्यावर आणि स्टिरॉइडच्या गोळ्या थांबल्यावरच करतात, नाहीतर अ‍ॅलर्जी असूनही पाठ कोरी दिसते. निकाल पीपीडीचा आला तर बाईंनी फक्त ती कंपनी टाळून भागणार नाही. काळ्या मेंदीचा टॅटू आणि भूल देणारी बेंझोकेनची मलमंही त्यांना टाळावी लागतील.